भाड्याच्या खोलीत छुपा कॅमेरा आहे का? टॉर्च आणि वाय-फाय स्कॅन काय सांगतात, काय सांगत नाहीत

जून उजाडला की नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या भागांत ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर खोली मिळेल’ अशा पाट्या दिसू लागतात. त्यात आता २०२६-२७ च्या सिंहस्थाची भर पडली आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरात येणाऱ्या यात्रेकरूंना लॉज कमी पडले, तर अनेकांना अनोळखी घरातील खोलीत मुक्काम करावा लागेल. अशा वेळी व्हॉट्सॲपवर छुपा कॅमेरा ओळखण्याच्या युक्त्या फिरू लागतात. आरशावर बोट ठेवा, एखादे ॲप उतरवून घ्या, दिवे बंद करून टॉर्च मारा, असे त्यांचे स्वरूप असते. यांतील काही युक्त्या उपयोगी आहेत, काही निव्वळ समाधान देणाऱ्या आहेत, आणि उपयोगी युक्त्यासुद्धा कशामुळे चालतात हे माहीत नसेल तर अर्धवट केल्या जातात. म्हणून या लेखात दोनच पद्धती नीट पाहू: फोनचा टॉर्च आणि खोलीतील वाय-फायची तपासणी.

भीती निराधार नाही. मार्च २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी उघड केलेल्या एका प्रकरणात १० शहरांतील ३० मोटेलांच्या ४२ खोल्यांमध्ये कॅमेरे बसवून सुमारे १,६०० पाहुण्यांचे चित्रीकरण झाले होते. हे कॅमेरे टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये, भिंतीवरील सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायरच्या होल्डरमध्ये लपवलेले होते. या तिन्ही जागांमध्ये एक समान गोष्ट आहे आणि शोध तेथूनच सुरू करायला हवा.

कॅमेऱ्याच्या दोन गरजा

कॅमेरा कितीही लहान असला तरी त्याला दोन गोष्टी टाळता येत नाहीत. पहिली म्हणजे वीज. बटणाएवढ्या कॅमेऱ्याला जोडलेली छोटी बॅटरी सलग चित्रीकरण करताना साधारणपणे काही तासांतच संपते. त्यामुळे ज्याला दिवसेंदिवस चित्रीकरण करायचे आहे, तो कॅमेरा अशा वस्तूत बसवतो जी एरवीही प्लगला लागलेली असते. मोबाइलचा ॲडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलावरचे डिजिटल घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, छतावरचा धूरसूचक, दिव्याचा होल्डर ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. कोरियातील जागाही याच जातीच्या होत्या.

दुसरी गरज म्हणजे सरळ नजर. भिंगासमोरचे छिद्र एक-दोन मिलिमीटरचे असले तरी ते छिद्र आणि तुम्ही यांच्यामध्ये अपारदर्शक काहीही असता कामा नये. याचा उलटा अर्थ शोधणाऱ्याच्या फायद्याचा आहे. कॅमेऱ्याला पलंग दिसत असेल, तर पलंगावरून कॅमेऱ्याचे छिद्रही दिसलेच पाहिजे. म्हणून खोलीच्या दारात उभे राहून सगळीकडे प्रकाश फिरवण्याला फारसा अर्थ नसतो. आपण जेथे झोपतो, जेथे कपडे बदलतो आणि जेथे अंघोळ करतो, त्या प्रत्येक जागी उभे राहून किंवा बसून बाहेरच्या दिशेने पाहावे. त्या जागेवरून न दिसणाऱ्या कपाटामागच्या कोपऱ्याची चिंता करण्याचे कारण नाही.

टॉर्चमुळे भिंग का चमकते

रात्री गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात, कारण डोळ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पडद्यावर एकवटतो आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो. कॅमेऱ्यातही हेच घडते. भिंग प्रकाश आतील सेन्सरवर एकवटते आणि सेन्सरवरून परावर्तित झालेला काही प्रकाश त्याच भिंगातून उलट्या दिशेने, म्हणजे टॉर्चकडे, बाहेर पडतो. तो टॉर्चकडे परततो, इकडेतिकडे फारसा पसरत नाही. बहुतेक लोक टॉर्च कमरेशी धरून भिंतीवर फिरवतात. त्यांना काही दिसत नाही, कारण परत येणारा प्रकाश त्यांच्या कमरेपाशी येतो आणि डोळे वर राहतात.

म्हणून टॉर्च डोळ्याला लागून, गालाजवळ किंवा कानशिलाजवळ धरावा आणि प्रकाश जेथे पडतो तेथेच पाहावे. त्याहून सोपी सोय फोनमध्येच आहे. फोनचा टॉर्च आणि मागचा कॅमेरा एकमेकांपासून एक-दोन सेंटिमीटरवरच असतात. व्हिडिओ सुरू करून टॉर्च लावला आणि पडद्यावर पाहिले, तर परत येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग थेट फोनच्या कॅमेऱ्यात शिरतो. दुपटीने झूम केले तर बारीक ठिपका अधिक स्पष्ट होतो.

खोली शक्य तितकी अंधारी करावी, पडदे ओढावेत, टीव्ही बंद करावा. आधी दीड-दोन मीटरवरून आणि मग संशयास्पद वस्तूंच्या अर्ध्या मीटरपर्यंत जाऊन पाहावे. प्रकाश हळू फिरवावा, कारण भिंगाची चमक फार थोड्या कोनातून दिसते आणि हात घाईने फिरला तर ती क्षणार्धात निसटते. प्रत्येक जागेवरून किमान दोन उंचींवरून पाहावे, एकदा उभे राहून आणि एकदा पलंगावर डोके टेकवून.

चमकणाऱ्या गोष्टी खोलीत भरपूर असतात. स्क्रूचे डोके, टीव्हीवरील रिमोटची काळी काच, रंगाचा ओघळ, प्लास्टिकची कडा या सगळ्या फसवतात. फरक ओळखण्यासाठी ठिपक्यावरून नजर न हलवता टॉर्च डोळ्यापासून हातभर बाजूला न्यावा. भिंगाची चमक अशा वेळी बहुधा विझते, कारण प्रकाश आता बाजूला गेलेल्या टॉर्चकडे परत जातो. स्क्रू किंवा प्लास्टिक मात्र कोठून तरी चकाकत राहते आणि चकाकीची जागा सरकते. भिंगाची चमक पृष्ठभागावर नसून छिद्राच्या थोडी आत असल्यासारखी दिसते आणि भिंगावरील लेपामुळे तिच्यात निळसर किंवा जांभळट झाक असू शकते.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. गडद काचेमागे किंवा चकचकीत काळ्या प्लास्टिकमागे बसवलेले भिंग काचेच्या स्वतःच्या चकाकीत हरवते. सिंगापूर आणि दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२१ मध्ये काही फोनांत असलेला अंतरमापक लेझर वापरून छुपे कॅमेरे शोधण्याचा प्रयोग केला. त्यात ३७९ सामान्य लोक सहभागी होते. नुसत्या डोळ्यांनी शोधणाऱ्यांना ४६ टक्के वेळा कॅमेरा सापडला आणि लेझरच्या पद्धतीने ८८.९ टक्के वेळा. म्हणजे नुसत्या नजरेला निम्म्याहून अधिक वेळा चकवा बसला, आणि चांगले साधन हातात असूनही काही कॅमेरे सुटलेच.

अंधारात पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड दिवे असतात, म्हणजे माणसाच्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारे दिवे. फोनच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश कधीकधी पांढरट-जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. आपला फोन तो दाखवतो की नाही हे पाहण्यासाठी टीव्हीचा रिमोट फोनसमोर धरून बटण दाबावे. अनेक फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर या प्रकाशाला अडवणारा फिल्टर असतो, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरून पाहावा. पण ज्या कॅमेऱ्यात असे दिवेच नाहीत, त्याच्यापुढे ही युक्ती निरुपयोगी आहे.

वाय-फायची यादी कशी वाचायची

कॅमेरा खोलीच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर त्याची नोंद राउटरपाशी असते. हे सोसायटीच्या गेटवरील वहीसारखे समजावे: आत आलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि कोण कोणत्या गाडीने आला तेही लिहिलेले असते. येथे क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, जो राउटर देतो आणि जो बदलू शकतो. गाडीचा नंबर म्हणजे मॅक पत्ता, जो उपकरणाच्या वाय-फाय चिपला कारखान्यातच मिळतो. मॅक पत्त्यात बारा अक्षरे असतात आणि पहिल्या सहांवरून चिपचा किंवा उपकरणाचा उत्पादक कळतो. नेटवर्क स्कॅन म्हणजे ही वही स्वतः वाचणे.

Fing सारखे ॲप फोनवर ही यादी दाखवते. आयफोनवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली नाही, तर यादी रिकामी दिसते आणि माणूस उगाच निश्चिंत होतो. शिवाय खासगीपणाच्या कारणास्तव अँड्रॉइड आणि आयफोनच्या नव्या आवृत्त्या ॲपना इतर उपकरणांचे मॅक पत्ते वाचू देत नाहीत, त्यामुळे फोनवर बऱ्याचदा नुसते आयपी पत्ते हाती लागतात. लॅपटॉप उपलब्ध असेल तर Nmap हे मोफत साधन अधिक सांगते. आपला लॅपटॉप खोलीच्या वाय-फायला जोडून आधी स्वतःचा आयपी पत्ता पाहावा, तो 192.168.1.5 असेल, तर पुढील आज्ञा त्या नेटवर्कवरील जागी असलेली उपकरणे दाखवते:

```
sudo nmap -sn 192.168.1.0/24
```

विंडोजवर sudo लिहू नये; त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. यादीत एखाद्या पत्त्यापुढे उत्पादकाचे नाव नसेल, तर लगेच घाबरू नये. मॅक पत्त्याचे दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो मुद्दाम बदललेला पत्ता असतो आणि असे पत्ते आजकाल बहुधा फोन आणि लॅपटॉप वापरतात.

एक खोली, शेवटपर्यंत तपासून

कल्पना करू की कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका विद्यार्थिनीने खोली घेतली आहे. भाड्यात वाय-फाय धरलेले आहे आणि राउटर तिच्याच खोलीत आहे. सामान ठेवायच्या दिवशी तिचा भाऊ लॅपटॉप घेऊन आला आहे. यादीत सहा उपकरणे दिसतात. 192.168.1.1 हा राउटर, एक लॅपटॉप, दोघांचे दोन फोन आणि टीव्ही ही पाच ओळखता येतात. सहावे 192.168.1.9 आहे आणि उत्पादकाच्या जागी Espressif असे लिहिले आहे.

हे नाव वाचून दोन टोकांच्या चुका होतात. Espressif ही चिप बनवणारी कंपनी आहे. तिच्या चिप स्वस्त स्मार्ट प्लग आणि दिव्यांत असतात, आणि तिच्याच चिपवर चालणारे छोटे कॅमेरेही सर्रास विकले जातात. त्यामुळे नुसत्या नावावरून काही ठरत नाही. पुढची पायरी म्हणजे त्या उपकरणाची दारे तपासणे. संगणकाच्या भाषेत या दारांना पोर्ट म्हणतात, म्हणजे उपकरण ज्या क्रमांकावर बाहेरच्यांशी बोलते तो क्रमांक. कॅमेऱ्याचे चित्र पाठवण्याची रूढ पद्धत 554 हे पोर्ट वापरते आणि 8554, 8000, 8080 हे क्रमांकही कॅमेऱ्यांत आढळतात.

```
sudo nmap -Pn -p 80,554,8000,8080,8554 192.168.1.9
```

येथे 554 पुढे open असे आले असते, तर संशय बळावला असता. पण पाचही पुढे closed आले. तरीही भावाने समाधान मानले नाही आणि ते योग्यच केले, कारण पुष्कळ स्वस्त कॅमेरे घरात कोणतेच दार उघडे ठेवत नाहीत. ते स्वतःहून इंटरनेटवरील कंपनीच्या सर्व्हरला जोडले जातात आणि मालक तेथून चित्र पाहतो. म्हणून त्याने वगळण्याची जुनी पद्धत वापरली. खोलीतील एकेक वस्तू प्लगमधून काढायची आणि प्रत्येक वेळी पहिली आज्ञा पुन्हा चालवायची. घड्याळ काढले, 192.168.1.9 जागेवर. पुस्तकांच्या फळीवरचा ॲडॅप्टर काढला, तरी जागेवर, म्हणून तो पुन्हा लावला. गीझरचा स्मार्ट प्लग काढला आणि यादीत पाचच उपकरणे उरली. सहावे उपकरण म्हणजे तोच प्लग होता.

येथे तपास थांबवण्याचा मोह होतो. पण मेमरी कार्डवर चित्रीकरण करणारा कॅमेरा वाय-फायला जोडलेलाच नसतो आणि यादीत कधीच येत नाही. म्हणून दिवे बंद करून ती पलंगावर बसली आणि व्हिडिओवर टॉर्च लावून तिने समोरची फळी पाहिली. त्याच ॲडॅप्टरच्या मधोमध एक ठिपका चमकला. टॉर्च बाजूला नेल्यावर तो विझला, परत आणल्यावर त्याच जागी आला. जवळ जाऊन पाहिले तर काळ्या प्लास्टिकमध्ये टाचणीच्या टोकाएवढे छिद्र होते आणि खालच्या कडेला मेमरी कार्डाची फट होती. साध्या चार्जरला यांपैकी कशाचीच गरज नसते.

असा कॅमेरा आणखी एक गोष्ट सांगतो. कार्ड भरले की ते काढायला कोणीतरी खोलीत यावे लागते. महिनोन्महिने भाड्याने राहणाऱ्या व्यक्तीने, आपण नसताना दुरुस्तीच्या नावाखाली खोलीत कोण येऊन जाते, याकडे लक्ष ठेवणे म्हणूनच एखाद्या ॲपपेक्षा कामाचे ठरते.

स्कॅनमध्ये काही दिसले नाही, मग खोली सुरक्षित का?

नाही. स्कॅनमध्ये काही सापडले तर ते महत्त्वाचे असते. काही न सापडणे हा फारच दुबळा पुरावा असतो. मेमरी कार्डाचा कॅमेरा तर दिसत नाहीच, पण सिमकार्डवर चालणारा किंवा मालकाच्या दुसऱ्या वाय-फायला जोडलेला कॅमेराही दिसत नाही. लॉज आणि हॉटेलांत राउटर पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो, तेव्हा यादीत फक्त राउटर आणि तुमचा फोन एवढेच दिसतात. यादी अशी दोन नोंदींची असेल, तर खोली स्वच्छ आहे असे न मानता स्कॅन झालाच नाही असे समजावे. काही कॅमेरे हालचाल जाणवेपर्यंत झोपलेले असतात, म्हणून थोड्या वेळाने खोलीत फिरत पुन्हा स्कॅन करावा.

एक सोपी गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक छोटे कॅमेरे स्वतःचेच वाय-फाय सुरू करतात, म्हणजे मालकाला फोन थेट जोडता येतो. फोनच्या वाय-फाय यादीत अक्षरे-आकड्यांचे लांबलचक विचित्र नाव दिसले आणि ते खोलीच्या एका कोपऱ्यात ठळक व गॅलरीत मंद झाले, तर तो कोपरा टॉर्चने पुन्हा पाहावा.

चुंबकीय क्षेत्र मोजून कॅमेरा शोधल्याचा दावा करणारी ॲप मात्र सोडून द्यावीत. फोनमधील होकायंत्राचा सेन्सर लोखंडी पलंग, स्पीकर आणि भिंतीतील सळई यांच्याजवळही तितकाच उडतो. आरशावर बोट टेकवून पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही. त्याऐवजी खोली अंधारी करून टॉर्च आरशाला टेकवावा आणि हाताने आडोसा करून पलीकडे पोकळी दिसते का ते पाहावे.

असा स्कॅन करणे बेकायदा तर नाही ना?

ज्या वाय-फायचा पासवर्ड तुम्हाला वापरण्यासाठी दिलेला आहे, त्यावर कोणती उपकरणे आहेत हे पाहणे आणि दुसऱ्याच्या उपकरणात शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा सापडला म्हणून त्याचा पासवर्ड ओळखून आत डोकावण्याचा प्रयत्न करू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येते, आणि तक्रारदारच अडचणीत सापडू शकतो. जिन्यात किंवा प्रवेशद्वारावर उघड बसवलेला सीसीटीव्ही हा वेगळा विषय आहे. तो दिसतो, आणि त्याबद्दल विचारता येते. एअरबीएनबीने तर ३० एप्रिल २०२४ पासून आपल्या यादीतील घरांच्या आत कॅमेरा ठेवण्यावर सरसकट बंदी घातली आहे, मग तो उघड ठेवलेला असला तरी. पण नाशिकमध्ये पाटी वाचून किंवा ओळखीतून घेतलेल्या खोलीला असा कोणताही नियम आपोआप लागू होत नाही, तेथे देशाचा कायदाच लागतो.

सापडला तर पुढे काय

कायदा स्पष्ट आहे. स्त्रीचे तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालील गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद व दंड होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हा कायदा चालवण्यासाठी लागणारा पुरावा मात्र बऱ्याचदा पीडित व्यक्तीच्याच हातून खराब होतो. संतापाच्या भरात कॅमेरा फोडला जातो, किंवा कार्ड काढून लॅपटॉपला लावून पाहिले जाते, आणि मग कार्डावरील नोंदी कोणी बदलल्या हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे वस्तूला हात लावू नये. तिच्यावर रुमाल टाकून भिंग झाकावे, पण त्याआधी आपल्या फोनने संपूर्ण खोलीपासून त्या वस्तूपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्यावा, म्हणजे ती कोठे आणि कशी होती हे दिसेल. स्कॅनमध्ये काही आढळले असेल तर त्या यादीचाही फोटो ठेवावा. मग खोलीबाहेर येऊन ११२ ला फोन करावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. नाशिक शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे, आणि cybercrime.gov.in वर घरबसल्या तक्रार करता येते. घरमालकाला जाब विचारण्याची घाई करू नये, कारण कॅमेरा त्याने बसवला असो, आधीच्या भाडेकरूने असो की दुरुस्तीला आलेल्या माणसाने, बातमी बाहेर पडल्यावर ॲडॅप्टर जागेवरून नाहीसा व्हायला पाच मिनिटे पुरतात. त्याच्याशी बोलणे पंचनामा झाल्यानंतर करावे.